आलेखाचा फोटो आहे, तक्ता नाही: आकडे कसे काढायचे आणि किती खरे मानायचे

बातमीत, व्याख्यानाच्या स्लाइडवर, जुन्या अहवालाच्या पानावर एखादा रेघेचा आलेख दिसतो. आपण त्याचा फोटो काढून ठेवतो. नंतर तेच आकडे हिशोबासाठी हवे असतात, आणि तेव्हा लक्षात येतं की हातात नुसतं चित्र आहे. ज्यांनी आलेख काढला त्यांच्याकडे तक्ता असतो, आपल्याकडे नसतो. मागून मिळाला तर प्रश्नच मिटला, आणि मागायलाही हवा. पण पुष्कळदा मागायचा कोणाकडे हेच कळत नाही.

अशा फोटोतून तक्ता परत काढता येतो. काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. अवघड आहे तो पुढचा प्रश्न: काढलेला आकडा किती खरा? «५०.७ अंश» असं लिहिलं तर तो ५०.६ असू शकेल का? ५१.५? की ५५? याचं उत्तर नसलेला तक्ता छापील तक्त्यासारखाच दिसतो, आणि वाचणारा त्याच्यावर तितकाच विश्वास टाकतो. म्हणून या लेखात आकडे काढण्यापेक्षा त्यांच्यापुढे «±» कसं लिहायचं यालाच जास्त जागा दिली आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. गरम पाणी निवत जातंय. आडव्या अक्षावर ० ते ६० मिनिटं, उभ्या अक्षावर २० ते ८० अंश सेल्सिअस. दर दहा मिनिटांना आणि दर दहा अंशांना फिकट रेघांची जाळी. वक्र रेघ डावीकडे ७५च्या आसपास सुरू होते, आधी झपाट्याने उतरते, मग सपाट होत जाते. (आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण अशा फोटोत ते साधारण याच मापाचे येतात.)

## चित्रातली जागा आणि खरा आकडा

फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांच्या ओळी. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. चित्र संपादनाच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये फोटो उघडून कर्सर फिरवला की कोपऱ्यात दोन आकडे बदलताना दिसतात: डावीकडून कितवा पिक्सेल आणि वरून कितवा. दुसरा आकडा वरून मोजला जातो हे ध्यानात ठेवायचं. तापमान वर चढतं तसा हा आकडा कमी होतो.

आता उभ्या अक्षावरच्या खुणा पाहू. २० अंशांची खूण वरून १६४०व्या पिक्सेलला आहे, ८० अंशांची ४४०व्या. मधे १२०० पिक्सेल आणि ६० अंश, म्हणजे एका अंशाला २० पिक्सेल. एवढं कळलं की रेघेवरच्या कोणत्याही बिंदूचं तापमान काढता येतं: २०च्या खुणेपासून तो किती पिक्सेल वर आहे ते मोजा, २०ने भागा आणि त्यात २० मिळवा. दोन माहीत असलेल्या खुणांच्या मधली किंमत अशी प्रमाणात काढणं म्हणजे अंतर्वेशन. पुढे हा शब्द फारसा लागणार नाही, कृती मात्र सारखी लागेल.

बरेच जण इथेच थांबतात आणि सगळे बिंदू वाचून टाकतात. त्याआधी एक तपासणी करायला हवी. तिला अर्धं मिनिट लागतं.

## मधली खूण जागेवर आहे का?

२० आणि ८०च्या बरोबर मधे ५० अंश. मग ५०ची खूण १६४० आणि ४४०च्या मध्यावर, म्हणजे १०४०व्या पिक्सेलला सापडायला हवी. आपल्या फोटोत ती १०२८ला आहे.

कारण साधं आहे. फोटो काढताना फोन कागदाला समांतर नव्हता. कागदाची वरची कड कॅमेऱ्यापासून थोडी लांब होती. रेल्वेच्या रुळांमध्ये उभं राहून पाहिलं तर लांबचे स्लीपर एकमेकांच्या जवळ दिसतात, तसं वरच्या खुणांमधलं अंतर दाटलं. सगळ्या खुणा मोजल्या तर हे स्पष्ट दिसतं. खालून वर त्या १६४०, १४३३, १२२९, १०२८, ८२९, ६३३ आणि ४४० या ओळींवर आहेत. त्यांच्यामधली अंतरं २०७, २०४, २०१, १९९, १९६, १९३. कागदावर ती सारखीच छापलेली असतात, फोटोत ती एका दिशेने घटत गेली आहेत.

बारा पिक्सेल म्हणजे किती? एका अंशाला वीस, म्हणजे ०.६ अंश. नुसत्या दोन टोकांवर विसंबलो असतो तर आलेखाच्या मध्यभागी प्रत्येक वाचन सुमारे ०.६ अंशांनी जास्त आलं असतं. आणि ही चूक इकडे-तिकडे होणारी नाही, मधल्या सगळ्या बिंदूंना एकाच बाजूला ओढणारी आहे. म्हणून ती जास्त घातक. पुन्हा पुन्हा वाचून सरासरी काढली तरी ती जात नाही.

उपाय तीन आहेत. आलेख अजून समोर असेल तर फोटो पुन्हा काढायचा: थोडं मागे उभं राहून, आलेख चौकटीच्या मध्यभागी ठेवून, फोन समांतर धरून. फार जवळून काढलेल्या फोटोत कडेच्या सरळ रेघाही भिंगामुळे किंचित वाकतात, तेही त्यामुळे टळतं. दुसरा उपाय म्हणजे प्रोग्रॅममध्ये आलेखाचे चार कोपरे दाखवून चित्र चौकोनी करून घेणं. तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात चित्राला हात लावावा लागत नाही: टोकाच्या खुणा सोडून द्यायच्या आणि प्रत्येक बिंदूसाठी त्याच्या लगतच्या दोन खुणा वापरायच्या. तिरकेपणामुळे होणारी ही चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. साठ अंशांच्या टप्प्यात ती बारा पिक्सेल होती, दहा अंशांच्या टप्प्यात ती साधारण छत्तिसाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी. ती विसरून चालेल.

आडव्या दिशेलाही हेच होतं. दहा-दहा मिनिटांच्या उभ्या रेघा फोटोत खाली ३०० पिक्सेल अंतरावर आहेत, वर २८८. म्हणजे त्या वर जाताना जवळ येतात. खालच्या अक्षावरून सरळ उभी रेघ मनाने वर नेली तर कडेच्या बिंदूंची वेळ चुकेल. जाळी छापलेली आहे ते बरं, तिच्याच रेघेवरून वर जायचं. जाळी नसेल तर चित्र चौकोनी करून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

पुस्तकाच्या शिवणीजवळचं पान असेल तर वेगळीच भानगड असते. पान फुगीर असतं, आणि खुणांमधली अंतरं आधी वाढून मग घटतात. सरळ असायला हवी ती चौकट वाकडी दिसली की हे ओळखायचं. तिथेही लगतच्या खुणा बरंच सांभाळून नेतात, पण शिवणीला अगदी चिकटलेला भाग मी वाचतच नाही.

## एक वाचन, पहिल्यापासून

२० मिनिटांचं तापमान काढू. वीसच्या उभ्या रेघेवरून वर गेलो. वक्र रेघ तिला छेदते तिथे चित्र मोठं करून पाहिलं. वक्र रेघ दहा पिक्सेल जाड आहे, तिचा मध्य १०१३व्या ओळीला वाटला. लगतच्या खुणा ५० (१०२८) आणि ६० (८२९). बिंदू ५०च्या खुणेपासून १५ पिक्सेल वर आहे आणि टप्पा १९९ पिक्सेलचा. १५ भागिले १९९, गुणिले १० = ०.७५. म्हणजे ५०.७५ अंश. टोकाच्या दोन खुणांवरून काढला असता तर हाच बिंदू ५१.३५ आला असता.

असे सातही बिंदू वाचून झाले की कागद बाजूला ठेवायचा. काही वेळाने पहिले आकडे न पाहता सगळं पुन्हा वाचायचं. दुसऱ्या फेरीत हाच बिंदू १०१७ला वाटला, म्हणजे ५०.५५. दोन्हींचा मध्य १०१५, आणि त्यावरून ५०.७. आपला डोळा आणि हात किती हलतात ते या दोन फेऱ्यांमधल्या फरकातून कळतं. दुसरी फेरी दुसऱ्या माणसाने केली तर अधिकच चांगलं, कारण रेघेचा मध्य कुठे धरायचा याबद्दलची आपली सवय त्याला नसते.

## ± कुठून येतं

तीन ठिकाणांहून.

पहिलं, खुणा. खुणेची रेघही जाड असते. तिचा मध्य दोन पिक्सेल वर किंवा खाली धरला जाऊ शकतो. म्हणजे ०.१ अंश.

दुसरं, वक्र रेघेचा मध्य. जाड रेघेत आणि थोड्या धूसर फोटोत तीन पिक्सेलची चूक मी धरेन. ०.१५ अंश. दोन फेऱ्यांमधली वाचनं त्यांच्या मध्यापासून याच्या आत बसतायत का ते पाहायचं. नसतील बसत तर तीनचा आकडा वाढवायचा.

तिसरं सहसा विसरलं जातं: वेळेची चूक. २० मिनिटांचा बिंदू वाचताना आपण सहा पिक्सेल डावी-उजवीकडे असू, तर वेळ ०.२ मिनिटांनी चुकली. त्याने तापमान किती बदलतं? ते त्या जागी रेघ किती तिरकी आहे यावर ठरतं. सुरुवातीला पाणी मिनिटाला सुमारे १.७ अंशांनी निवतंय. तिथे ०.२ मिनिटांची चूक म्हणजे तापमानात ०.३४ अंश. साठाव्या मिनिटाला उतार मिनिटाला जेमतेम ०.२३ अंश. तिथे तीच चूक ०.०५वर येते. डोळा तोच आणि फोटोही तोच, तरी आलेखाच्या तीव्र उतारावर वाचन ढिलं आणि सपाट भागात घट्ट. म्हणून अख्ख्या तक्त्याला एकच «±» लावणं सोयीचं असलं तरी चुकीचं ठरतं.

या तिन्हींची बेरीज कशी करायची यावर मतभेद आहेत. तिन्ही चुका एकाच वेळी एकाच बाजूला होण्याची शक्यता कमी, म्हणून संख्याशास्त्रात त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात. मी इथे सरळ बेरीज केली आहे. तिने येणारी मर्यादा जरा मोठी असते, पण तिचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो: खरी रेघ या मर्यादेबाहेर असण्याचं कारण दिसत नाही. कोणतीही पद्धत वापरा, कोणती वापरली ते तक्त्याखाली लिहा.

| वेळ (मिनिटं) | तापमान (°से.) | वाचनाची मर्यादा |
|---|---|---|
| ० | ७५.१ | ± ०.६ |
| १० | ६०.९ | ± ०.५ |
| २० | ५०.७ | ± ०.४ |
| ३० | ४३.४ | ± ०.४ |
| ४० | ३८.२ | ± ०.३ |
| ५० | ३४.४ | ± ०.३ |
| ६० | ३१.८ | ± ०.३ |

खालची टीप: «हे आकडे मूळ नोंदींचे नाहीत. छापील आलेखाच्या फोटोवरून, लगतच्या खुणांच्या आधारे, दोनदा वाचून काढले आहेत. ± ही फक्त वाचनाची कमाल मर्यादा आहे, मूळ मोजमापाची अचूकता नव्हे.»

आता हे बिंदू फोटोवर परत मांडून पाहायचे. सगळे रेघेवर बसले पाहिजेत. ही तपासणी बारीक चुकांसाठी नाही, ठळक घोटाळ्यांसाठी आहे: ५०ऐवजी ४०ची खूण धरली, वीसच्या जागी तीसच्या रेघेवरून वर गेलो. असा बिंदू रेघ सोडून भलतीकडे पडतो आणि लगेच नजरेत येतो. आलेखाखालच्या मजकुरात एखादा आकडा दिला असेल, समजा «अर्ध्या तासाने ४३.५ अंश», तर तो आपल्या ४३.४ ± ०.४मध्ये बसतोय का तेही पाहून घ्यावं.

## «पण प्रोग्रॅम तर सात दशांश देतो»

अशा कामासाठी खास प्रोग्रॅम आहेत. `WebPlotDigitizer` त्यात बराच वापरला जातो. खुणा दाखवायच्या, रेघेवर क्लिक करत जायचं, तक्ता तयार. वेळ वाचतो आणि भागाकाराच्या चुका टळतात, त्यामुळे जरूर वापरावा. पण आपला वीस मिनिटांचा बिंदू अशा प्रोग्रॅममधून ५०.७५३७६८८ असा बाहेर येऊ शकतो. हे १५ भागिले १९९चं उत्तर आहे, पाण्याबद्दलची माहिती नव्हे. क्लिक एक पिक्सेल खाली पडला असता तर दशांशानंतरचा दुसराच आकडा बदलून ५०.७०३५१७६ आलं असतं. «±»चा एकच ठळक अंक ठेवायचा आणि वाचन त्याच दशांशस्थळापर्यंत कापायचं. मर्यादा ०.४ असेल तर दशांशानंतर एक आकडा, बस्स.

## «जास्त मेगापिक्सेलचा फोटो घेतला तर?»

काही प्रमाणात फायदा होतो. एका अंशाला वीसऐवजी चाळीस पिक्सेल मिळतील. पण रेघही दहाऐवजी वीस पिक्सेल जाड दिसेल. छापलेली रेघ अर्धा अंश जाड आहे ती अर्धा अंशच राहणार. फोटो धूसर असतो तोवर पिक्सेल वाढवून उपयोग आहे. रेघेच्या कडा स्वच्छ दिसू लागल्या की पुढे अडवते ती छपाई, कॅमेरा नाही.

## वजाबाकी करताना

तक्ता हातात आला की लोक पहिलं काम करतात ते दोन ओळींमधला फरक काढण्याचं. पहिल्या दहा मिनिटांत पाणी किती निवलं? ७५.१ वजा ६०.९, १४.२ अंश. मर्यादा मात्र वजा होत नाहीत, त्यांची बेरीज होते: ०.६ अधिक ०.५, ± १.१. फरकाच्या मानाने ही आठेक टक्के. शेवटच्या दहा मिनिटांत ३४.४ वजा ३१.८, २.६ अंश, मर्यादा ± ०.६. ही तेवीस टक्के!

इथे गंमत पाहा. शेवटच्या ओळी तक्त्यात सगळ्यात नेमक्या होत्या, आणि निवण्याचा वेग काढायला गेलो तर त्याच सगळ्यात कच्च्या निघाल्या. मोठ्या आणि जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी केली की आकडा आक्रसतो, मर्यादा आक्रसत नाही. म्हणून «शेवटी वेग मिनिटाला ०.२६ अंश होता» असं न लिहिता «०.२ ते ०.३२च्या दरम्यान» असं लिहावं. दोन आलेखांची तुलना करतानाही हेच: एका रेघेवरून ३४.४ आणि दुसरीवरून ३४.८ वाचलं, दोन्हींना ± ०.३, तर दुसरं पाणी जास्त गरम होतं असं या फोटोंवरून सांगता येत नाही.

## आणखी बिंदू का वाचू नयेत?

रेघ सलग आहे, मग दर मिनिटाचं तापमान काढता येईल की. काढता येईल, पण तो रेघेचा आकडा असेल, पाण्याचा असेलच असं नाही. मूळ नोंदी दर दहा मिनिटांनीच घेतल्या असतील आणि मधली वक्र रेघ आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमने गुळगुळीत करून जोडली असेल. रेघेवर ठिपके किंवा चौकटी असतील तर नोंदी कुठे आहेत ते कळतं, आणि तेवढेच बिंदू वाचावेत. ठिपके असले की तिसरी चूकही बरीच सुटते, कारण वेळ सहसा पूर्णांकात असते आणि ती अक्षावरून वाचावी लागत नाही. ठिपके नसतील तर जाळीवर वाचावं आणि «रेघेवरून» असं टिपेत लिहावं.

## अक्ष सरळ नसेल तेव्हा

वरचं सगळं गणित सारख्या अंतराच्या अक्षासाठी आहे. खुणा १, १०, १००, १००० अशा समान अंतरावर दिसल्या तर तो लॉगरिदमिक अक्ष: तिथे प्रत्येक पायरीला किंमत दहापट होते. १० आणि १००च्या बरोबर मधला बिंदू ५५ नसतो, सुमारे ३१.६ असतो. आधी घातांक प्रमाणात काढायचा आणि मग किंमत:

```
किंमत = 10^(1 + p/L)
p = १०च्या खुणेपासून पिक्सेल, L = १० आणि १०० या खुणांमधलं अंतर, पिक्सेलमध्ये
```

अशा अक्षावर «±» अंशात किंवा किलोत देऊन चालत नाही, टक्क्यांत द्यावा लागतो. L २०० पिक्सेल असेल तर तीन पिक्सेलची चूक म्हणजे किंमतीत साधारण साडेतीन टक्के, मग बिंदू १२ असो की ९००. खालच्या टोकाला ती नगण्य वाटते, वरच्या टोकाला तीसच्या वर एकक होतात.

उभ्या अक्षावर नागमोडी तोड असेल तर तोडीच्या वरच्या बिंदूंसाठी फक्त वरच्याच खुणा वापरायच्या. आणि एका आलेखाला डावीकडे एक, उजवीकडे दुसरा असे दोन अक्ष असतील, तर कोणती रेघ कोणत्या अक्षाची हे रंगावरून किंवा मजकुरावरून पक्कं झाल्याशिवाय एकही पिक्सेल मोजू नये. कृष्णधवल प्रतीत ते पक्कं होत नसेल तर तो आलेख वाचण्याजोगा नाही.